माइंड मॅपच्या स्क्रीनशॉटवरून आउटलाइन: एकही फांदी जागेवरून न हलवता

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या अभ्यासिकांत एखाद्यानं चांगला माइंड मॅप काढला की त्याचा स्क्रीनशॉट लगेच ग्रुपवर येतो आणि सगळे तो सेव्ह करतात. पण चित्र ते चित्रच. त्यात शब्द शोधता येत नाही, मध्ये एक ओळ वाढवता येत नाही, कागदावर छापलं तर टोकाची अक्षरं वाचवत नाहीत. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर लावून ते उघडतो तेव्हा त्याला ‘इमेज’ एवढंच ऐकू येतं. म्हणून त्याची आउटलाइन करावी लागते, म्हणजे एकाखाली एक ओळी आणि प्रत्येक ओळ तिच्या पातळीइतकी आत सरकवलेली.

यात शब्द टाइप करणं हे छोटं काम आहे. खरं काम आहे ते प्रत्येक शब्दाचा ‘वरचा’ कोण, हे बरोबर ठेवण्याचं. त्यासाठी मी नद्यांचा नकाशा घेतो, कारण तिथं फांदी चुकली की थेट भूगोल चुकतो. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. बीड जिल्ह्यात दुसरी एक कुंडलिका आहे, ती सिंदफणेला मिळते. आउटलाइनमध्ये एक कुंडलिका एक घर जरी इकडची तिकडे झाली, तरी ती वाचून पाठ करणाऱ्याच्या डोक्यात चुकीची नदी बसते.

आपल्या हाती आलेलं चित्र असं आहे असं धरू. मधोमध ‘मराठवाड्यातील नद्या’. उजवीकडे एकच मोठी फांदी, गोदावरी, आणि तिचा सगळा पसारा. डावीकडे वरून खाली तापी, कृष्णा आणि पैनगंगा. नद्या साध्या अक्षरांत, धरणं निळ्या चौकटीत. पैनगंगेपासून गोदावरीकडे एक तुटक बाण आणि त्यावर लिहिलंय, ‘वर्धा–प्राणहितामार्गे’.

आधी चित्र पूर्ण आहे का ते बघा

ज्यानं मॅप काढला त्याच्याकडे मूळ फाइल असेल तर हा सगळा खटाटोप करू नका. माइंड मॅपच्या बहुतेक ॲप्समधून मजकूर किंवा आउटलाइन म्हणून एक्स्पोर्ट करता येतं. आधी त्याला विचारा. फाइल नसेल तर निदान स्क्रीनशॉट तरी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न घेता डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवताना चित्र दाबलं जातं, आणि सगळ्यात आधी बारीक रेषा आणि मात्रा-अनुस्वार पुसट होतात. आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

मग चित्राच्या चारही कडा फिरून बघा. एखादी रेषा कडेपर्यंत जाते आणि तिच्या टोकाला शब्द नाही, तर तिथं चित्र कापलं गेलं आहे. दुसरी गोष्ट, फांदीच्या टोकाला छोटं वर्तुळ आणि त्यात बेरजेचं चिन्ह किंवा आकडा दिसला तर ती फांदी मिटलेली आहे. आतला मजकूर स्क्रीनशॉटमध्ये आलेलाच नसतो, तो कुठल्याही युक्तीनं निघणार नाही. ती फांदी उघडून नवा स्क्रीनशॉट मागावाच लागतो. तोवर आउटलाइनमध्ये त्या जागी `[मिटलेली फांदी]` किंवा `[चित्रात कापलेलं]` अशी ओळ ठेवा. जागा रिकामी सोडली की पुढं कुणालाच कळत नाही की तिथं काही होतं.

शब्द एकीकडे, जागा दुसरीकडे

बहुतेक जण गूगल लेन्सनं मजकूर उचलतात आणि आलेल्या ओळी ओढूनताणून आत-बाहेर करत बसतात. तिथूनच गोंधळ सुरू होतो. अक्षर ओळखणारं साधन चित्र पानासारखं वाचतं, डावीकडून उजवीकडे, एका उंचीवर असलेले शब्द एका ओळीत. आपल्या चित्रातली मधली पट्टी त्यानं वाचली तर हाती असं काही पडतं:

```
सीना भीमा कृष्णा मराठवाड्यातील नद्या गोदावरी पूर्णा दुधना कुंडलिका
```

ही ओळ पाहून कुणालाही वाटेल की सीना सगळ्यात वरची आणि कुंडलिका सगळ्यात आतली. उजवा अर्धा भाग योगायोगानं बरोबर क्रमात आलाय. डावा अर्धा मात्र उलटा आहे, कारण डावीकडच्या फांद्या मध्यापासून डावीकडे वाढतात. तिथं आधी वाचला गेलेला शब्द सर्वांत खोलवरचा असतो. शिवाय या साधनाला रेषा म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. म्हणून त्याच्याकडून फक्त शब्द घ्या, टाइप करण्याचे कष्ट वाचवण्यापुरते, आणि ते वेगळ्या फाइलमध्ये सुट्या यादीसारखे ठेवा. कोण कुणाच्या खाली हे ठरवताना त्या यादीकडे बघायचंच नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी टेसरॅक्ट हा फुकट प्रोग्राम बरा पडतो. मराठीची भाषा-फाइल टाकलेली असेल तर ही आज्ञा विखुरलेले शब्द शोधते आणि प्रत्येक शब्दासोबत तो चित्रात कुठं आहे तेही लिहिते:

```
tesseract nadya.png nadya -l mar --psm 11 tsv
```

तयार होणाऱ्या `nadya.tsv` फाइलमध्ये `left` आणि `top` हे रकाने शब्दाची जागा सांगतात, तर `conf` हा रकाना वाचनाची खात्री किती ते सांगतो. ज्या शब्दांची खात्री कमी, ते आधी डोळ्यांनी तपासा. पण खात्री जास्त दिसली म्हणूनही सोडून देऊ नका. ‘घ’चा ‘ध’ होऊन वाघूरची ‘वाधूर’ झाली तर प्रोग्रामला त्यात काही वावगं वाटत नाही. नदीचं नाव ओळखीचं असलेला माणूसच ते पकडतो.

टोकापासून मध्याकडे चला

हा या कामाचा गाभा आहे, त्यामुळे सावकाश सांगतो.

मध्यापासून बाहेर जाताना प्रत्येक सांध्यावर वाटा फुटतात. गोदावरीपासून सात वाटा, पूर्णेपासून तीन. एक वाट धरली की दुसरी राहून जाते, आणि परत येताना आपण कुठून निघालो होतो ते विसरायला होतं. उलट टोकाच्या शब्दापासून आत यायचं ठरवलं तर वाट फुटतच नाही, कारण प्रत्येक शब्दाला वरचा एकच असतो. उपनदी जशी वाहते तसंच हे, उपनदीकडून मुख्य नदीकडे जाताना फाटा नाही.

म्हणून चित्र मोठं करा, जमलं तर ए-थ्री कागदावर छापून घ्या, आणि टोकाचा एक शब्द निवडून त्याच्या रेषेवर पेन्सिल ठेवा. रेषा जिथं दुसऱ्या शब्दाला टेकते तो त्याचा वरचा. शब्द किती जवळ आहे याला काही किंमत द्यायची नाही. आपल्या चित्रात सिंदफणेखालची ‘माजलगाव’ ही निळी चौकट दुधनेला जवळजवळ चिकटून आहे, पण तिची रेषा वर वळून सिंदफणेकडे जाते. माजलगावचं धरण सिंदफणेवर आहे, म्हणजे रेषाच खरी बोलते. मोकळी जागा जिथं मिळेल तिथं ॲप चौकट ठेवतं, नातं फक्त रेषेत असतं.

रेषा वाचताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. काही मॅपमध्ये एकाच वरच्या शब्दाखालच्या भावंडांच्या रेषा आधी एका उभ्या दांड्याला मिळतात आणि दांड्यापासून एकच आडवी रेषा पुढं जाते. तिथं दांड्याजवळचा शब्द हा वरचा नव्हे. ती एकटी आडवी रेषा ज्या शब्दाला टेकते, तो वरचा. दुसरं, दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा रंग बघा. अनेक ॲप मुख्य फांदीचा रंग तिच्या सगळ्या उपफांद्यांना देतात, त्यामुळे छेदापलीकडे कोणती रेषा आपली ते कळतं. रंग एकच असेल तर वळणाचा ओघ बघा, कारण रेषा छेदाच्या जागी अचानक काटकोनात वळत नाही. तिसरं, एका चौकटीत दोन ओळी मावलेल्या असतात. ‘निम्न’ वर आणि ‘दुधना’ खाली, पण चौकटीला येणारी रेषा एकच. म्हणजे ती एकच नोंद. शब्दांच्या ओळी मोजायच्या नाहीत, रेषांची टोकं मोजायची.

पत्ता आधी, टायपिंग नंतर

सगळ्यांचे वरचे कळले की चित्रावरच प्रत्येकाला क्रमांक द्या. मुख्य फांद्यांना १, २, ३, ४. मग त्यांच्या खालच्यांना १.१, १.२ असं. एक पातळी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या पातळीला हात लावू नका. प्रत्येक नोंदीशेजारी तिला थेट जोडलेली मुलं किती तेही बारीक अक्षरांत लिहा. गोदावरीशेजारी ७, सिंदफणेशेजारी ३, पूर्णेशेजारी ३, मांजरेशेजारी ४. हे आकडे पुढं तपासणीला लागतात.

क्रम कोणता ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. चित्रात आकडे असतील तर तेच. नसतील तर वरच्या उजव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरा. आपल्या चित्रात त्यामुळे आधी गोदावरी येते, मग डावीकडे खालून वर पैनगंगा, कृष्णा, तापी. एका फांदीच्या आतली मुलं मात्र दोन्ही बाजूंना वरून खालीच घ्या. भावंडांमधला क्रम बदलला तर फार बिघडत नाही, पण वरचा बदलला तर सगळंच बिघडतं, म्हणून डोकं तिथं खर्च करा.

आता क्रमांक बघत टाइप करायचं. प्रत्येक पातळीला एक टॅब. टॅब आणि स्पेस मिसळू नका. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण दुसऱ्या ॲपमध्ये नेलं की ओळी भलतीकडे सरकतात. आपली आउटलाइन अशी होते:

```
मराठवाड्यातील नद्या
	१ गोदावरी
		१.१ शिवना
		१.२ खाम
		१.३ धरण: जायकवाडी
		१.४ सिंदफणा
			१.४.१ बिंदुसरा
			१.४.२ कुंडलिका
			१.४.३ धरण: माजलगाव
		१.५ पूर्णा
			१.५.१ दुधना
				१.५.१.१ कुंडलिका
				१.५.१.२ धरण: निम्न दुधना
			१.५.२ धरण: येलदरी
			१.५.३ धरण: सिद्धेश्वर
		१.६ धरण: विष्णुपुरी
		१.७ मांजरा
			१.७.१ तेरणा
				१.७.१.१ धरण: निम्न तेरणा
			१.७.२ तावरजा
			१.७.३ मन्याड
			१.७.४ धरण: मांजरा
	२ पैनगंगा [तुटक बाण: १ गोदावरीकडे, वर्धा–प्राणहितामार्गे]
		२.१ कयाधू
	३ कृष्णा
		३.१ भीमा
			३.१.१ सीना
			३.१.२ बोरी
	४ तापी
		४.१ वाघूर
```

क्रमांक ठेवण्यामागं कारण आहे. ही ओळ कुणी कॉपी करून मेसेजमध्ये टाकली आणि डावीकडची मोकळी जागा गेली, तरी १.५.१.१ या पत्त्यावरून ही कुंडलिका दुधनेची हे कळतं. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला तर याचा फार उपयोग होतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ओळ किती आत आहे हे सांगण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. क्रमांक मात्र नेहमीच वाचला जातो. वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये करत असाल तर तिथली बहुस्तरीय यादी वापरा. टॅब दाबला की ओळ एक पातळी आत जाते, शिफ्टसह टॅब दाबला की बाहेर येते, आणि क्रमांक आपोआप बदलतात. पण मग टाइप करताना आपल्या चित्रावरचा क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक जुळतो का ते बघत राहा. न जुळणारा पहिला क्रमांक दिसला की चूक त्याच्याच आसपास असते.

रंगाचा अर्थ शब्दांत उतरवला आहे हे लक्षात आलं असेल. निळी चौकट म्हणजे धरण, म्हणून ‘धरण:’. ते लिहिलं नसतं तर पूर्णेखाली दुधना, येलदरी आणि सिद्धेश्वर तिन्ही उपनद्या वाटल्या असत्या. मात्र प्रत्येक रंगाला अर्थ असतोच असं नाही. एकाच फांदीत दोन रंग किंवा दोन आकार असतील तर अर्थ असण्याची शक्यता मोठी. फांदी-फांदीगणिक रंग बदलत असेल तर ती बहुधा नुसती सजावट.

तुटक बाणाचं काय करायचं

पैनगंगा इथं स्वतंत्र मुख्य फांदी म्हणून काढली आहे. पण ती वर्धेला मिळते, वर्धेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला जातं, म्हणजे खोरं गोदावरीचंच. मॅप काढणाऱ्यानं हे तुटक बाणानं सांगितलं आहे. असा बाण म्हणजे फांदी नव्हे. त्यामुळे पैनगंगा उचलून गोदावरीखाली न्यायची नाही, आणि दोन्हीकडे लिहायचीही नाही. तिच्या जागी ठेवून कंसात बाणाची नोंद करायची, बाण कुठं जातो त्याच्या क्रमांकासह. बाणाचं टोक महत्त्वाचं आहे. ‘गोदावरीशी संबंध’ असं लिहिलं तर दिशा हरवते.

इथं जाणकाराचे हात शिवशिवतात. भूगोल माहीत असलेल्याला वाटतं, लगे हाथ दुरुस्तीही करून टाकू. माझं मत आहे की तसं करू नये. आधी चित्रात जे आहे ते तसंच उतरवा, चूक असेल तर तीसुद्धा. उतरवताना सुधारत गेलात तर तपासणीच्या वेळी चित्र आणि आउटलाइन जुळणार नाहीत, आणि न जुळणारी ओळ ही तुमची सुधारणा आहे की नजरचूक, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करा.

एकच नाव दोनदा आलं तर तेही एकत्र करू नका. दोन कुंडलिका दिसल्या की ‘ही चुकून दोनदा आली’ असं वाटून एक पुसण्याचा मोह होतो. चित्रात दोन रेषा आहेत, म्हणून आउटलाइनमध्ये दोन नोंदी.

तपासणी

पहिली तपासणी मोजणीची. मधल्या शब्दाला सोडून प्रत्येक नोंदीला वरून येणारी रेषा एकच असते. म्हणून रेषा नेहमी नोंदींपेक्षा एकानं कमी. आपल्या आउटलाइनमध्ये ३० नोंदी आहेत, तर चित्रात २९ रेषा सापडायला हव्यात. तुटक बाण यात धरायचा नाही. २८ सापडल्या तर कुठली तरी नोंद सुटी तरंगते आहे किंवा एक रेषा नजरेतून निसटली आहे.

पण एकूण आकडा जुळला म्हणून थांबू नका, पातळीवार मोजा. मध्य १, त्याखाली ४, मग १०, १२ आणि सर्वांत आत ३. समजा दुधनेखालची कुंडलिका चुकून थेट पूर्णेखाली गेली. एकूण तरीही ३० भरतात. पातळीवार मात्र १२ च्या जागी १३ आणि ३ च्या जागी २ होतात, आणि एक ओळ एक पातळी बाहेर आली आहे हे लगेच कळतं.

याही मोजणीतून एक चूक सुटते. तावरजा मांजरेखालून सिंदफणेखाली गेली तर तिची पातळी तीच राहते, पातळीचे आकडे हलत नाहीत. ती पकडायला चित्रावर लिहिलेले मुलांचे आकडे कामाला येतात. सिंदफणेशेजारी ३ लिहिलंय आणि आउटलाइनमध्ये ४ दिसतात, मांजरेकडे ४ हवेत आणि आहेत ३. आणि दोन नोंदींची एकमेकींत अदलाबदल झाली असेल, उदाहरणार्थ बिंदुसरा मांजरेकडे आणि तावरजा सिंदफणेकडे, तर हेही आकडे गप्प बसतात. तिथं वाट मोठ्यानं वाचण्याला पर्याय नाही. एकानं आउटलाइन धरावी आणि टोकाची ओळ घेऊन बाहेर यावं: ‘तावरजा, मांजरेत, मांजरा गोदावरीत.’ दुसऱ्यानं चित्रावर बोट ठेवून तीच वाट चालावी. टोकाच्या १९ ओळी आहेत, त्या सगळ्या घ्या. एकाच फांदीतल्या ओळी सलग घेऊ नका, उड्या मारत घ्या. सलग वाचलं की दुसरा माणूस चित्र बघायचं सोडून अंदाजानं ‘हो, हो’ म्हणायला लागतो.

संगणक असेल तर आणखी एक पक्का मार्ग आहे. फ्रीप्लेन या मोफत प्रोग्राममध्ये नवा मॅप उघडा, मधल्या चौकटीवर क्लिक करा आणि टॅब दिलेली आउटलाइन पेस्ट करा. आत-बाहेर सरकलेल्या ओळींवरून तो फांद्या पुन्हा काढतो. सगळी आउटलाइन मधल्या चौकटीची एक फांदी म्हणून लटकते, त्यामुळे एक पातळी जास्त दिसेल, त्याची काळजी नको. हा मॅप आणि मूळ स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. टॅब-स्पेसची मिसळ झाली असेल तर ती इथं लगेच उघडी पडते. एखादी फांदी नको तिथं उगवलेली दिसते, जरी मजकुरात ती ओळ बरोबर वाटत असली तरी.

शेवटी फाइल ठेवताना आउटलाइन आणि क्रमांक लिहिलेलं चित्र एकाच नावानं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. दुरुस्त केलेल्या प्रतीला वेगळं नाव द्या आणि तिच्यात वरच्या ओळीत काय बदललं ते लिहा: ‘२ पैनगंगा ही १ गोदावरीखाली नेली, त्यामुळे कृष्णा आता २ आणि तापी ३.’ ग्रुपवर पाठवताना कोणती प्रत आहे तेही सोबत सांगा, नाहीतर एकाच क्रमांकावर दोघांच्या हाती दोन वेगळ्या नद्या येतात.